एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले: पुरवठादाराकडून जादा रक्कम परत कशी मागायची

हा लेख छोट्या कारखान्यात किंवा दुकानात नव्याने अकाउंट्स सांभाळायला लागलेल्यांसाठी आहे. पुरवठादाराला जादा पैसे गेल्याचं लक्षात आलं की पहिला विचार फोन करण्याचा येतो. तो थोडा लांबवा. समोरच्या अकाउंटंटने "कुठल्या बिलाचे? किती? कधी पाठवलेत?" असं विचारल्यावर तुम्ही कागद शोधायला लागलात, तर विषय "बघून सांगतो" वर जातो आणि तिथेच पडून राहतो. आधी स्वतःच्या वहीत काय झालंय ते नक्की करायचं, मग पुरावा एका जागी आणायचा आणि त्यानंतर मागायचं. हा क्रम पाळला तर बरेचदा एका ईमेलवर काम होतं.

समजायला एक नमुना उदाहरण घेऊ. भोसरी एमआयडीसीतल्या एका युनिटने नट-बोल्ट मागवले. बिल 4 जून 2025 चं, क्रमांक `ST/25-26/147`. माल 72,000 रुपयांचा, त्यावर 18 टक्के जीएसटी 12,960, एकूण 84,960. बिलाचा फोटो आधी व्हॉट्सॲपवर आला, त्यावरून कुणीतरी नुसता `147` असा क्रमांक टाकून खरेदीची नोंद केली. मालाबरोबर आलेलं मूळ बिल स्टोअरमधून उशिरा अकाउंट्सला पोचलं आणि दुसऱ्या माणसाने ते पूर्ण क्रमांकाने पुन्हा चढवलं. संगणकाला ही दोन वेगळी बिलं दिसली. पहिल्याचे पैसे 20 जूनला एनईएफटीने गेले, दुसऱ्याचे 7 जुलैला.

आपली वही "बरोबर" दिसते, तिथेच गोम आहे

या पुरवठादाराचं खातं उघडलं तर त्यात काहीच चुकीचं दिसत नाही. दोन बिलं जमा, दोन पेमेंट नावे, शिल्लक शून्य. जादा पैसे गेले असतील तर खात्यात नावे बाकी दिसेल, अशी नव्या माणसाची समजूत असते. बिल एकदाच चढवलं असतं आणि पैसे दोनदा गेले असते, तर तशी बाकी दिसलीही असती. पण इथे बिलच दोनदा चढलंय, म्हणून दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन टाकतात. नुसत्या बाकीवर नजर ठेवून हा प्रकार कधीच सापडणार नाही.

तो सापडतो बाहेरच्या कागदाशी ताळा घेतल्यावर. जीएसटीवाल्यांसाठी सर्वांत सोपा कागद म्हणजे पोर्टलवरचं `GSTR-2B`. पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात दाखवलेली बिलं त्यात येतात आणि ते पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला तयार होतं. आपल्या उदाहरणात दुसरं पेमेंट 7 जुलैला गेलं, म्हणजे जूनचं `GSTR-2B` यायच्या आठवडाभर आधी. 14 जुलैनंतर ताळा घेतला तेव्हा पोर्टलवर 147 क्रमांकाचं एकच बिल दिसलं आणि वहीत दोन. 20 तारखेला `GSTR-3B` हे आपलं विवरणपत्र भरायच्या आत हे लक्षात आल्यामुळे त्याच बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट दोनदा घेणं टळलं. घेऊन झालं असतं तर ते परत करावं लागलं असतं, आणि दरम्यान वापरलं असतं तर व्याजासकट.

दुसरा साक्षीदार म्हणजे स्टोअरचं आवक रजिस्टर. गेटवरची नोंद, चलन आणि माल मोजून घेतल्याची पावती एकदाचीच असेल तर माल एकदाच आलाय. ही खात्री टाळू नका. एकाच रकमेची दोन खरी बिलं असणं अगदी शक्य आहे. दर महिन्याला तोच माल तितकाच मागवणाऱ्या कारखान्यात तर ते नेहमीचंच. रक्कम सारखी आहे एवढ्यावरून "दोनदा गेले" म्हणणारा माणूस पुरवठादारासमोर एकदा तोंडघशी पडला की पुढची खरी मागणीसुद्धा संशयाने बघितली जाते.

तिसरी पायरी म्हणजे पुरवठादाराकडून त्याच्या वहीतला आपल्या खात्याचा उतारा मागवणं. त्यासाठी कारण सांगायची गरज नाही, "ताळा घ्यायचाय, 1 एप्रिलपासूनचं लेजर पाठवा" एवढं पुरतं. त्याच्या वहीत बिल एकदाच आणि आपली रक्कम दोनदा जमा दिसली, की त्याची स्वतःची वहीच आपल्या बाजूने बोलते. याहून भक्कम पुरावा दुसरा नाही, म्हणून तक्रार करायच्या आधी तो हाताशी असलेला बरा.

खात्री झाली की दुबार खरेदीची नोंद रद्द करा. आता खात्यात 84,960 नावे बाकी दिसेल. आधी वही दुरुस्त करायची आणि मग मागायचं याचं कारण साधं आहे. मागणीबरोबर तुमचं लेजर जोडायचंय, आणि त्यात बाकी शून्य दिसत असेल तर तुमचाच कागद तुम्हाला खोटं पाडेल.

बिल चुकलंय की पेमेंट चुकलंय?

या दोन गोष्टींची गल्लत फार होते. वरच्या उदाहरणात बिल बरोबर आहे, पैसे जास्त गेलेत. अशा वेळी क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा पुरवठादाराचा कागद, मागायची नसते. विक्रीची किंमत आणि कर बदललेलाच नाही, फक्त पैसे परत यायचेत. नव्या माणसाने उगाच क्रेडिट नोट मागितली आणि पुरवठादाराने ती काढलीही, तर त्याची विक्री आणि आपलं क्रेडिट दोन्ही कारण नसताना कमी होतात आणि ते निस्तरणं मूळ कामापेक्षा जड जातं.

याउलट बिलातच दर जास्त लावला असेल किंवा 900 नग येऊन 1,000 चं बिल झालं असेल, तर मात्र आधी क्रेडिट नोट हवी. जीएसटीच्या हिशोबात ती धरली जायला मुदत आहे: ज्या आर्थिक वर्षातलं बिल, ते वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत. त्यामुळे बिलाच्या चुकीचा विषय पैशाच्या वाटाघाटीत रेंगाळू देऊ नका.

पुराव्याची फाइल

फार कागद नको. समोरच्याला पाच मिनिटांत पटेल एवढंच हवं: ते एक बिल, बँकेच्या स्टेटमेंटमधल्या दोन नोंदी, माल एकदाच आल्याचं चलन किंवा आवक पावती, आपलं दुरुस्त लेजर आणि त्यांचं लेजर.

यात बँकेच्या नोंदीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. बरेच जण ॲपवरच्या हिरव्या टिकेचा स्क्रीनशॉट पाठवतात. ती टिक कधी कधी विनंती बँकेने स्वीकारली एवढंच सांगते, पैसे समोरच्या खात्यात जमा झाले असं नाही. एनईएफटी परत फिरूनही येते. म्हणून स्टेटमेंटमध्ये रक्कम वजा झालेली आहे आणि पुढच्या एक-दोन दिवसांत तीच रक्कम परत जमा झालेली नाही, हे आधी स्वतः बघा. त्या ओळीतला यूटीआर, म्हणजे बँकेने त्या एकाच व्यवहाराला दिलेला क्रमांक, हा या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. समोरचा अकाउंटंट त्याच्या बँकेत तोच क्रमांक शोधून दोन मिनिटांत खात्री करतो. दोन पेमेंटचे यूटीआर वेगळे असले की "तुम्ही एकच पेमेंट दोनदा मोजताय" हा आक्षेप उरत नाही. धनादेश दिला असेल तर धनादेश क्रमांक आणि वटल्याची तारीख द्या.

आणि अख्खं स्टेटमेंट पाठवू नका. तुम्ही इतर पुरवठादारांना किती देता, खात्यात किती शिल्लक असते, हे यांना कळायचं काही कारण नाही. त्या दोन ओळी ठेवून बाकी झाका. मात्र खात्याचं नाव, तारीख आणि यूटीआर झाकला जाणार नाही एवढं पाहा.

या सगळ्यावर एक पानाचा ताळा लावा. आपल्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे: 9 जुलैचं `ST/25-26/203` हे 35,400 रुपयांचं नवं बिल अजून द्यायचंय. ते लपवून पूर्ण 84,960 मागितले तर पुरवठादार पहिल्याच फोनला ते काढणार. त्यापेक्षा आपणच मांडलेलं बरं.

| तपशील | रुपये |
|---|---|
| बिल 147 प्रमाणे देणं | 84,960 |
| 20 जूनला दिलेले | 84,960 |
| 7 जुलैला पुन्हा गेलेले (जादा) | 84,960 |
| वजा: बिल 203 पोटी वळते करण्याचे | 35,400 |
| बँकेतून परत मिळण्याचे | 49,560 |

समजा मे महिन्यातल्या काही नाकारलेल्या बोल्टबद्दल 4,720 रुपयांचा वादही चालू आहे. तो या तक्त्यात घालू नका, कितीही मोह झाला तरी. दुबार पेमेंटमध्ये मतभेदाला जागा नसते, खराब मालात असते. दोन्ही एका मागणीत आले की निर्विवाद 49,560 सुद्धा वादग्रस्त 4,720 च्या मागे अडकतात. तो विषय वेगळ्या ईमेलवर चालू दे.

मागणी कशी लिहायची

आधी फोन, पण तो पुरवठादाराच्या अकाउंट्स विभागाला. ऑर्डर घेणाऱ्या सेल्सवाल्याला पैसे परत करण्यात काहीच रस नसतो आणि अधिकारही नसतो. छोट्या फर्ममध्ये मालकच सगळं बघत असेल तर थेट त्यांच्याशी बोला. फोनवर एवढंच सांगायचं की एक पेमेंट दुबार गेलंय, कागद मेलवर पाठवतो, तुमच्याकडे जमा दिसतंय का तेवढं पाहा. मग त्याच दिवशी मेल:

> विषय: बिल क्र. ST/25-26/147 – दुबार पेमेंट रु. 84,960 – परताव्याबाबत
>
> आदरणीय महोदय,
>
> आपल्या दि. 4 जून 2025 च्या वरील बिलाची रु. 84,960 ही रक्कम आम्ही दि. 20 जून 2025 रोजी एनईएफटीने दिली (यूटीआर: …). आमच्याकडे हेच बिल चुकून दोनदा नोंदवलं गेल्यामुळे तेवढीच रक्कम दि. 7 जुलै 2025 रोजी पुन्हा पाठवली गेली (यूटीआर: …). या बिलाचा माल एकदाच आला असून आपण पाठवलेल्या लेजरमध्येही दोन्ही रकमा जमा आहेत.
>
> जादा रकमेपैकी रु. 35,400 आपल्या बिल क्र. ST/25-26/203 पोटी वळते करून घ्यावेत आणि उरलेले रु. 49,560 ज्या खात्यातून आले त्याच खात्यात दि. 31 जुलै 2025 पर्यंत परत पाठवावेत, ही विनंती. ही रक्कम अन्य कोणत्याही बिलापोटी वळती करू नये.
>
> ताळा, बिल, बँक नोंदी, आवक पावती आणि दोन्ही लेजर सोबत जोडली आहेत. मिळाल्याचं कळवावं.

सूर बघा. चूक आपली आहे हे एका वाक्यात सांगितलं, त्यात रडगाणं नाही आणि समोरच्यावर आरोपही नाही. पैसे ठेवून घेतले म्हणून पुरवठादाराने काही गैर केलेलं नाही, अजून त्याला कदाचित कळलेलंही नसेल. तारीख मात्र नक्की द्यायची. "लवकरात लवकर" ही तारीख नव्हे.

"अन्य कोणत्याही बिलापोटी वळती करू नये" हे वाक्य मुद्दाम घातलंय. भारतीय करार कायदा, 1872 च्या 59 आणि 60 या कलमांचा इथे संबंध येतो. पैसे देणाऱ्याने ते कशापोटी आहेत हे सांगितलं तर घेणाऱ्याने ते तसेच धरायचे. न सांगितल्यास घेणारा आपल्या मर्जीने कुठल्याही खऱ्या येण्यापोटी धरू शकतो, अगदी मुदत उलटून गेलेल्या जुन्या येण्यापोटीसुद्धा. म्हणून एनईएफटी करतानाच शेऱ्यात बिल क्रमांक टाकण्याची सवय लावावी. टॅलीत पेमेंटची नोंद करतानाही `On Account` न टाकता `Agst Ref` निवडून बिलाला जोडावी. सगळं `On Account` टाकणाऱ्या कार्यालयात कुठलं पेमेंट कुठल्या बिलाचं हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.

"पुढच्या बिलात वळते करू" म्हणाले तर

बहुतेक पुरवठादार हेच म्हणणार. रोजचा व्यवहार असेल आणि जादा रक्कम महिनाभराच्या खरेदीत संपणारी असेल तर मान्य करायला हरकत नाही. बँकेत पैसे इकडून तिकडे फिरवण्यापेक्षा ते सुटसुटीत आहे. फक्त कुठल्या बिलात किती वळते झाले याची लेखी कबुली मेलवर घ्या.

पण ऑर्डर क्वचितच जात असेल, रक्कम मोठी असेल किंवा पुरवठादार पैशाच्या ओढाताणीत असल्याची कुणकुण असेल, तर परतच मागावं. वळते करायला तयार झालो की पुढच्या ऑर्डरचा दर ठरवताना आपण बांधलेले असतो. दुसरीकडे स्वस्त माल मिळत असूनही "त्यांच्याकडे आपले पैसे आहेत" म्हणून तिथूनच घ्यावा लागतो. मार्च महिन्यात तर मी परतच मागेन. 31 मार्चच्या ताळेबंदात पुरवठादाराकडे नावे बाकी राहिली की ऑडिटर तिचं कारण आणि पुरवठादाराचं बाकी खातरजमा पत्र मागणार, आणि त्याच पत्रासाठी पुन्हा त्याच माणसामागे लागायचं.

सेवा किंवा जॉबवर्कचं बिल असेल तर टीडीएस

मालाच्या साध्या खरेदीत छोट्या युनिटला हा प्रश्न सहसा येत नाही, पण जॉबवर्क, वाहतूक, देखभाल अशा बिलांत येतो. समजा एका कंपनीचं 50,000 आणि 9,000 जीएसटी असं बिल होतं. 50,000 वर 2 टक्के म्हणजे 1,000 टीडीएस कापून 58,000 पाठवले, आणि तेच पुन्हा झालं. इथे परत मागायचे 58,000, कारण पुरवठादाराच्या हातात दुसऱ्यांदा तेवढेच गेलेत. 59,000 मागितले की तो लगेच अडणार आणि त्याचं बरोबरच असेल. दुसऱ्यांदा कापलेले 1,000 अजून सरकारात भरले नसतील तर प्रश्न तिथेच मिटतो. टीडीएस सहसा पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणून चूक लवकर सापडण्याला महत्त्व आहे. भरून त्रैमासिक विवरणपत्रही गेलं असेल, तर कर सल्लागाराकडून दुरुस्ती विवरणपत्र भरून घ्या.

पैसे येताना आणि आल्यावर

परतावा ज्या खात्यातून गेला त्याच खात्यात, पुरवठादाराच्या फर्मच्या खात्यातून यावा. "मालक रोख देतील, माणूस पाठवा" याला नम्रपणे नाही म्हणा. दुसऱ्याच कुणाच्या वैयक्तिक खात्यातून आलेले पैसेही ऑडिटच्या वेळी समजावत बसावे लागतात. परताव्याच्या नावाने कुणी लिंक पाठवली, ओटीपी किंवा यूपीआय पिन मागितला, तर ती फसवणूकच समजा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.

रक्कम जमा झाली की रिसीटची नोंद पुरवठादाराच्याच खात्यात करायची. ती "इतर उत्पन्न" नव्हे, ते आपलेच पैसे आहेत. ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे: उत्पन्न फुगतं आणि पुरवठादाराच्या खात्यातली नावे बाकी तशीच राहते. आपल्या उदाहरणात 84,960 नावे, त्यातून बिल 203 चे 35,400 आणि आलेले 49,560 गेले की खातं शून्यावर येतं. शून्य आलं नाही तर ताळ्यात काहीतरी सुटलंय.

टाळाटाळ झाली तर

दिलेली तारीख उलटल्यावर त्याच मेलच्या साखळीत आठवण करा, म्हणजे जुने पुरावे सोबतच राहतात, आणि आता मालकांनाही त्यात घ्या. उत्तरच आलं नाही तर लेटरहेडवर पत्र, पोचपावतीसह स्पीड पोस्टने.

बँकेकडे जाऊन "आमचे पैसे ओढून घ्या" म्हणण्याचा उपयोग नाही. पैसे तुम्हीच, बरोबर खात्यात पाठवलेत. खातेदाराच्या संमतीशिवाय बँक ते परत फिरवत नाही. खाते क्रमांक चुकून पैसे तिसऱ्याच माणसाला गेले असतील तर मात्र प्रकार वेगळा. तिथे त्याच तासाला स्वतःच्या बँकेला लेखी कळवायला हवं.

पत्रात करार कायद्याच्या कलम 72 चा उल्लेख करता येतो. चुकून दिलेले पैसे ज्याला मिळाले त्याने ते परत केले पाहिजेत, असं ते कलम सरळ सांगतं. चूक तुमच्या निष्काळजीपणाची होती, एवढ्याने मागणी बुडत नाही. वकिलाची नोटीस ही त्यानंतरची पायरी. दिवाणी दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. चुकीच्या प्रकरणात ती चूक कळल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर जेव्हा कळली असती तेव्हापासून मोजली जाते. म्हणजे ताळा न घेता बसलात तर "आम्हाला आत्ताच कळलं" हे चालेलच असं नाही. मुदत संपायच्या आत पुरवठादाराने सही करून बाकी कबूल केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. त्यामुळे दरवर्षी मार्चअखेरीचं बाकी खातरजमा पत्र त्यांच्या सही-शिक्क्यासह परत घेऊन याच फाइलला लावून ठेवा.